नाटकाच्या तालमी आणि प्रयोगांसाठी शाळेकडे मुलाची रजा मागणारे पत्र कसे लिहावे

व्यावसायिक नाटकात मुलाची निवड झाली की पालकांच्या हाती बहुतेक वेळा दोनच गोष्टी येतात, तालमी सुरू होण्याची तारीख आणि शुभारंभाची तारीख. एवढ्याच आधारावर अनेक पालक शाळेला चार ओळींचे पत्र लिहितात, ‘माझ्या पाल्याची नाटकात निवड झाली असून त्याला महिनाभर रजा मिळावी, ही विनंती.’ असे पत्र वाचून मुख्याध्यापकांना निर्णय घेता येत नाही, कारण मूल नेमके कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या तासिकांना वर्गात नसेल, हे त्यातून कळत नाही. शाळेचा कारभार तासिकांवर चालतो, त्यामुळे रजेची मागणीही तासिकांच्या हिशेबात मांडली, तरच तिच्यावर नीट विचार होऊ शकतो. पत्राचा मसुदा करायला फार वेळ लागत नाही. खरे काम त्याआधीच्या आखणीचे असते, म्हणून या लेखात तिच्यावरच अधिक भर दिला आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. मुंबईतील एका मराठी शाळेत सहावीत शिकणारी अकरा वर्षांची मुलगी आहे. तिची शाळा दुपारच्या अधिवेशनाची असून सोमवार ते शुक्रवार साडेबारा ते पाच वाजून चाळीस मिनिटे अशी भरते. पस्तीस मिनिटांच्या आठ तासिका असतात. पाचवी तासिका ३.२५ ला संपल्यावर अर्ध्या तासाची मधली सुट्टी होते आणि त्यानंतर तीन तासिका होतात. शनिवारी शाळा सकाळची असते आणि ११ वाजता सुटते. मुलीला एका व्यावसायिक नाटकात भूमिका मिळाली आहे. तालमी दादरला ५ जानेवारीपासून दुपारी ४ ते रात्री ८ या वेळेत आहेत आणि शुभारंभ रविवार, १ फेब्रुवारी रोजी पार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात आहे.

पहिली पायरी: होकार देण्याआधी शाळेत जाणे

निर्मात्याला पक्का शब्द देऊन, करारावर सही करून मग शाळेकडे जाण्याचा क्रम चुकीचा आहे. तसे केल्यास शाळेपुढे विनंती जात नाही, झालेला निर्णय जातो आणि मुख्याध्यापकांना ते सहज जाणवते. भूमिका देऊ केल्यावर निर्मितीसंस्थेकडून आठ दिवसांची मुदत मागून घ्यावी आणि त्या अवधीत आधी वर्गशिक्षकांना व नंतर मुख्याध्यापकांना भेटावे. या भेटीत रजा मागण्याची घाई करू नये, माहिती विचारावी. घटक चाचणी कधी आहे, प्रकल्प कधी सादर करायचे आहेत, स्नेहसंमेलन, सहल किंवा क्रीडा दिन कोणत्या तारखांना आहे, हजेरी दिवसातून एकदा घेतली जाते की दोनदा, मधल्या सुट्टीत मुलाला घरी नेण्याची पद्धत काय आहे, हे सारे टिपून घ्यावे. वर्गाचे वेळापत्रकही जसेच्या तसे उतरवून आणावे, कारण पुढची आखणी त्यावरच बेतायची आहे.

मुलाची इयत्ता कोणती, यालाही इथे मोठे महत्त्व आहे. दहावी आणि बारावीला परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट असते. व्यावसायिक नाटक हे त्या अटीतून सूट मिळण्याचे कारण ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. राज्याच्या अभ्यासक्रमात पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेतील निकालावर वरच्या वर्गात जाणे अवलंबून असल्यामुळे त्या दोन वर्षांत दुसऱ्या सत्रातील अनुपस्थितीकडे शाळा अधिक बारकाईने पाहते. सहावी-सातवीत थोडी मोकळीक मिळते. तरीही त्या इयत्तांत काय बुडते हे पालकांना पुरते ठाऊक असायला हवे आणि त्याचा विचार पुढच्या पायरीत करू.

दुसरी पायरी: निर्मितीसंस्थेकडून मुलापुरते वेळापत्रक मिळवणे

संस्था देते ते वेळापत्रक संपूर्ण चमूचे असते. आपल्या उदाहरणात ते शब्दशः मानले, तर ५ ते ३० जानेवारी या काळातील सोमवार ते शुक्रवार, २६ जानेवारीची सुट्टी वगळून, एकोणीस दिवसांचा प्रश्न येतो. त्यांपैकी अठरा दिवस मधल्या सुट्टीनंतरच्या तीन तासिका आणि रंगीत तालमीचा शेवटचा दिवस पूर्ण, म्हणजे एकूण ६२ तासिका बुडतील. एवढ्या तासिका मागणारे पत्र कोणत्याही शाळेला जड जाईल.

मात्र मूल नाटकातील सर्व प्रवेशांत नसते. दिग्दर्शक किंवा सूत्रधार-व्यवस्थापक यांच्यासमोर संहिता घेऊन बसावे आणि मुलाचे प्रवेश कोणते, त्यांची बसवणी कोणत्या आठवड्यात आहे, कोणत्या दिवशी मुलाच्या जागी कोणीतरी उभे राहून हालचाली पाहता येतील, हे विचारावे. वाचनाच्या तालमी शनिवारी दुपारी आणि रविवारी ठेवता येतात. पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्यातील दोन दिवस पुरतात. सलग तालमींना, म्हणजे नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता केले जाते तेव्हा, मुलाची गरज खरोखर असते आणि त्या शेवटच्या आठवड्यात असतात. नाटकाच्या मंडळींना ही विनंती नवी नसते. पण पालकांनी विचारले नाही, तर मुलाला रोज बोलावून बसवून ठेवणे त्यांना सोयीचे वाटते, हेही तितकेच खरे आहे.

कोणते दोन दिवस, हा प्रश्न शाळेच्या वेळापत्रकाकडे पाहून सोडवायचा असतो. आपल्या मुलीच्या वर्गात मधल्या सुट्टीनंतर मंगळवारी गणित, विज्ञान आणि इंग्रजी आहे, बुधवारी चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव आहे, तर गुरुवारी मराठी, इतिहास आणि गणित आहे. पालकाच्या मनात पहिल्यांदा येते की बुधवार सगळ्यांत स्वस्त, तेव्हा सारे बुधवार घ्यावेत. हा हिशेब फसवा आहे. आपल्याकडील सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांची लेखी परीक्षा नसते. त्यांची श्रेणी पूर्णपणे वर्षभरातील आकारिक मूल्यमापनावर, म्हणजे वर्गात प्रत्यक्ष केलेल्या कृतीवर ठरते. तासिका बुडाली तर ती भरून काढायला परीक्षाही उरत नाही. इतर विषयांतही तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प आणि वर्गकार्य यांची नोंद वर्ग चालू असतानाच होत असते, त्यामुळे ‘नंतर वही पूर्ण करू’ हे आश्वासन अर्धवट ठरते. म्हणून बोजा विभागावा. बुधवार आणि गुरुवार असे दोन्ही दिवस घ्यावेत आणि चित्रकला व कार्यानुभवाच्या शिक्षकांना गणिताच्या शिक्षकांइतक्याच आदराने विचारावे की राहिलेली कृती कधी करून दाखवावी.

शाळेने सांगितल्यानुसार २० ते २३ जानेवारी या काळात घटक चाचणी आहे. त्या आठवड्यातील तालीम पूर्ण सोडायची आणि त्याची भरपाई रविवार, २५ आणि सोमवार, २६ जानेवारीच्या दुपारी करायची, असे दिग्दर्शकांशी ठरते. आता हिशेब असा होतो. बुधवार ७ व १४ आणि गुरुवार ८ व १५ जानेवारी या चार दिवसांच्या बारा तासिका, मंगळवार २७ ते गुरुवार २९ जानेवारी या तीन दिवसांच्या नऊ तासिका आणि शुक्रवार, ३० जानेवारीच्या रंगीत तालमीसाठी पूर्ण दिवसाच्या आठ तासिका, अशा एकूण २९ तासिका. दुसरी रंगीत तालीम शनिवार, ३१ जानेवारीला दुपारी असल्यामुळे सकाळची शाळा बुडत नाही. मागणी ६२ वरून २९ वर आली, तीही मुलीच्या भूमिकेला धक्का न लागता, आणि मुख्याध्यापकांच्या निर्णयावर सर्वाधिक परिणाम याच आकड्याचा होतो.

तिसरी पायरी: कायद्याची बाजू तपासणे

चौदा वर्षांखालील मुलांच्या कामाविषयी जो केंद्रीय कायदा आहे, त्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. बालकांना कामावर ठेवण्यास बंदी असली, तरी कलाकार म्हणून काम करण्यास काही अटींवर मुभा आहे आणि त्या कामामुळे मुलाच्या शालेय शिक्षणावर परिणाम होता कामा नये, असे कायद्यातच म्हटले आहे. २०१७ च्या नियमांत या अटी तपशिलाने आल्या आहेत. पत्र लिहिणाऱ्या पालकाला त्यांपैकी तीन गोष्टी माहीत असाव्यात.

एक म्हणजे, मुलाकडून दिवसात पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम करून घेता येत नाही. आपल्या उदाहरणात संस्थेने ३० जानेवारीची रंगीत तालीम सकाळी ११ ते रात्री ९ अशी लिहून दिली होती. हे वेळापत्रक पाहिल्यावर पालकांनी मुलीची वेळ दीड ते साडेसहा, मध्ये विश्रांती धरून, अशी निश्चित करून घ्यायला हवी. शाळा त्या दिवशी तरीही पूर्ण बुडेल, कारण ती साडेबाराला भरते. परंतु पत्रासोबत अकरा ते नऊचा कागद जोडला गेला असता, तर सजग मुख्याध्यापकांनी त्यावर बोट ठेवले असते आणि ते योग्यच ठरले असते.

दुसरी गोष्ट अशी की, मुलांचा सहभाग असलेल्या व्यावसायिक कार्यक्रमासाठी निर्मात्याने ज्या जिल्ह्यात काम होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी कार्यालयाची, परवानगी घ्यायची असते. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातील हमीपत्र, सहभागी मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे नाव द्यावे लागते. ही परवानगी काढणे हे पालकांचे काम नाही, निर्मात्याचे आहे. पालकांनी तिची प्रत मागावी. दादर मुंबई शहर जिल्ह्यात येते, तर पार्ले मुंबई उपनगर जिल्ह्यात, आणि पुढे ठाण्याला किंवा पुण्याला प्रयोग लागले तर जिल्हा पुन्हा बदलतो, हे विचारताना ध्यानात असू द्यावे.

तिसरी गोष्ट पालकांच्या पत्राला थेट बळ देणारी आहे. मुलाच्या शाळेतील पाठांत खंड पडू नये यासाठी शिक्षणाची योग्य सोय करणे हे या नियमांत घातलेले बंधन आहे. म्हणून संस्थेच्या पत्रात ‘तालमीच्या ठिकाणी मुलीला रोज अमुक वेळ अभ्यासासाठी स्वतंत्र जागा दिली जाईल’ असे वाक्य मागण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. तालमीच्या खोलीबाहेरच्या बाकावर, प्रकाश नीट नसताना, मूल मांडीवर वही घेऊन बसलेले दिसते, तेव्हा ती सोय झालेली नसते.

चौथी पायरी: पत्र लिहिणे

आता मसुदा. पत्र मुख्याध्यापकांच्या नावे आणि वर्गशिक्षकांमार्फत द्यावे, म्हणजे दोघांच्या नजरेखालून जाते. ते एका पानात बसावे आणि तारखांचा तक्ता स्वतंत्र पानावर जोडावा.

> दिनांक: १५ डिसेंबर
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> (शाळेचे नाव व पत्ता)
>
> मार्फत: वर्गशिक्षिका, इयत्ता सहावी, तुकडी ब
>
> विषय: नाटकाच्या तालमींसाठी जानेवारी महिन्यात सात दिवस मधल्या सुट्टीनंतर घरी सोडणे व एक दिवसाची रजा मंजूर करणेबाबत.
>
> महोदया,
>
> माझी मुलगी (पूर्ण नाव), इयत्ता सहावी, तुकडी ब, हजेरी क्रमांक (…), हिची (निर्मितीसंस्थेचे नाव) या संस्थेच्या (नाटकाचे नाव) या व्यावसायिक नाटकात भूमिकेसाठी निवड झाली आहे. नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग रविवार, १ फेब्रुवारी रोजी दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, विलेपार्ले येथे होणार आहे.
>
> तालमी दादर येथे होणार असून दिग्दर्शकांशी चर्चा करून त्यांपैकी शक्य तितक्या शनिवारी दुपारी व सुट्टीच्या दिवशी ठेवल्या आहेत. घटक चाचणीच्या आठवड्यात तालीम ठेवलेली नाही. तरीही पुढील दिवशी तिला वर्गातून लवकर न्यावे लागेल: ७, ८, १४, १५, २७, २८ आणि २९ जानेवारी, या दिवशी पाचवी तासिका पूर्ण झाल्यावर, दुपारी ३.२५ वाजता. तसेच रंगीत तालमीसाठी शुक्रवार, ३० जानेवारी रोजी पूर्ण दिवसाची रजा हवी आहे. यामुळे एकूण २९ तासिकांना ती अनुपस्थित राहील. त्यांचा विषयवार तपशील सोबतच्या तक्त्यात दिला आहे.
>
> बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी आम्ही असे ठरवले आहे: वर्गात झालेले काम ती त्याच आठवड्याच्या शनिवारपर्यंत वहीत पूर्ण करील व सोमवारी संबंधित शिक्षकांना दाखवील. गणिताच्या सर्वाधिक, म्हणजे पाच तासिका बुडत असल्याने त्याचा सराव मी स्वतः घेईन. चित्रकला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण या विषयांतील राहिलेल्या कृती शिक्षक सांगतील त्या वेळी ती शाळेत करून दाखवील. या काळात कोणतेही तोंडी काम किंवा प्रात्यक्षिक वरील तासिकांत येत असल्यास कृपया आधी कळवावे, त्या दिवशीची तालीम मी बदलून घेईन.
>
> नमूद दिवशी तिला नेण्यासाठी मी स्वतः किंवा तिची आजी (पूर्ण नाव) शाळेच्या फाटकाशी येऊ. अन्य कोणाबरोबरही तिला सोडू नये. तालमीच्या ठिकाणी आमच्यापैकी एक जण पूर्णवेळ तिच्यासोबत असेल.
>
> शुभारंभानंतरच्या प्रयोगांपैकी शाळेच्या वेळेत येणाऱ्या प्रयोगांसाठी तारखा निश्चित झाल्यावर स्वतंत्र अर्ज करीन. तिच्या अभ्यासावर किंवा प्रकृतीवर ताण येत असल्याचे आपल्याला जाणवल्यास मला बोलावून घ्यावे.
>
> वरील विनंती मान्य व्हावी.
>
> आपली विश्वासू,
> (पालकाची सही, नाव, भ्रमणध्वनी)
>
> सोबत: १. निर्मितीसंस्थेचे पत्र २. तारीखवार व विषयवार तक्ता ३. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवानगीची प्रत

या मसुद्यातील काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. विषयाच्या ओळीतच आकडे आहेत, कारण कार्यालयात पत्राची आवक नोंद करताना तीच ओळ उतरवली जाते आणि पुढे तीच शोधली जाते. ‘हजेरी लावावी’ अशी विनंती मसुद्यात कोठेही नाही. मुख्याध्यापक मुलीला लवकर सोडू शकतात, रजा मंजूर करू शकतात, पण वर्गात नसलेल्या मुलाला हजेरीपटावर उपस्थित दाखवणे त्यांच्या अधिकारात बसत नाही आणि तशी मागणी त्यांना अडचणीत टाकते. शाळेच्या वतीने, शाळेच्या नावाने मूल स्पर्धेला गेले, तर तो विषय वेगळा असतो. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेत शाळेचाच संघ उतरला असेल, तर नोंद कशी करायची ते शाळा ठरवते आणि पालकांचे पत्र हे केवळ संमतीपत्र असते. तेथे व्यावसायिक नाटकाचा हा मसुदा वापरू नये.

भरपाईचा परिच्छेद लिहिताना जेवढे खरोखर पाळता येईल तेवढेच लिहावे. ‘तिच्या अभ्यासाचे नुकसान होणार नाही याची खात्री देतो’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असते आणि त्यावर कोणीही विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी कोणती वही, कोणत्या वारी, कोणाला दाखवणार, हे लिहिले, तर शिक्षकांना निदान ते पडताळता येते. कौतुकाचे उल्लेख, मुलाला आधी मिळालेली पारितोषिके, ‘यामुळे शाळेचे नाव उज्ज्वल होईल’ असे शब्द टाळावेत. निर्णय घेणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो.

संस्थेच्या पत्राकडेही तितकेच लक्ष द्यावे. ‘कृपया सहकार्य करावे’ एवढाच मजकूर असलेला कागद जोडण्यात अर्थ नाही. संस्थेच्या नाममुद्रित कागदावर मुलाचे नाव, तालमींच्या तारखा व वेळा, ठिकाण, जबाबदार व्यक्तीचे नाव व क्रमांक, अभ्यासाच्या सोयीचे वाक्य आणि सही-शिक्का असावा. त्यातील तारखा पालकांच्या पत्रातील तारखांशी तंतोतंत जुळायला हव्यात. संस्था बहुधा जुनेच, संपूर्ण चमूचे वेळापत्रक पाठवते, त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासल्याशिवाय पत्र देऊ नये.

पाचवी पायरी: पत्र देणे आणि त्यानंतर

पत्राच्या दोन प्रती काढाव्यात. एक शाळेच्या कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व सही घेऊन ती जपून ठेवावी. तालमी सुरू होण्याच्या किमान तीन आठवडे आधी पत्र दिल्यास शाळेला विषयशिक्षकांशी बोलायला वेळ मिळतो. मंजुरी तोंडी मिळाली, तर आपल्या प्रतीवर ‘मान्य’ असा शेरा आणि सही नम्रपणे मागून घ्यावी. मुख्याध्यापकांनी होकार दिला तरी तो पाचव्या तासिकेच्या शिक्षकांपर्यंत आणि फाटकावरील शिपायापर्यंत पोहोचलेला असेलच, असे नाही. पहिल्या दिवशी मूल ३.२५ ला दप्तर घेऊन फाटकाशी उभे आणि शिपाई सोडायला तयार नाही, हे दृश्य त्यामुळेच उद्भवते. मंजूर तारखांची छोटी चिठ्ठी मुलाच्या शाळेच्या दैनंदिनीत चिकटवून त्यावर वर्गशिक्षकांची सही घेतली, की हा प्रश्न सहसा येत नाही.

विनंती पूर्ण मान्य झाली नाही, तर कोणत्या दिवसांना हरकत आहे ते विचारावे. अनेकदा हरकत एखाद्या प्रात्यक्षिकापुरती किंवा एका शिक्षकाच्या तासिकेपुरती असते आणि एखादा दिवस बदलून ती दूर होते. मुख्याध्यापकांना डावलून संस्थाचालकांकडे शब्द टाकणे टाळावे. रजा मिळेलही, पण वर्षभर मुलाला वागवायचे असते ते शिक्षकांनी. आणि काही झाले तरी आजारपणाचे कारण लिहू नये. शुभारंभाच्या जाहिरातीत मुलाचे छायाचित्र छापून आल्यावर त्या पत्राचे काय होईल, हे सांगायला नको, आणि आपण खोटे लिहून दिले हे मुलालाही ठाऊक असते.

तालमींच्या तारखा बदलतात, हे नाटकाच्या क्षेत्रात नेहमीचे आहे. नाट्यगृहाची तारीख हुकली किंवा एखादा नट आजारी पडला, की सारे वेळापत्रक सरकते. अशा वेळी दूरध्वनीवर सांगून भागवू नये. मूळ पत्राचा आवक क्रमांक नमूद करून दोन ओळींचे पूरक पत्र द्यावे आणि त्यात रद्द झालेली तारीख आधी, नवी तारीख नंतर लिहावी. ‘१५ जानेवारीची तालीम रद्द झाली असून तिच्याऐवजी १६ जानेवारी रोजी ३.२५ वाजता सोडावे, एकूण तासिकांच्या संख्येत बदल नाही.’ एकूण संख्या बदलत असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे.

प्रयोगांसाठी वेगळे पत्र

शुभारंभानंतरचे प्रयोग बहुतांशी शनिवार-रविवारी असल्याने शाळा फारशी बुडत नाही, अशी पालकांची समजूत असते. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, शनिवारी दुपारचा बाहेरगावचा प्रयोग. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात शनिवार, १४ फेब्रुवारी रोजी दुपारी साडेबाराचा प्रयोग असेल, तर मुंबईहून सकाळीच निघावे लागते आणि शनिवारची शाळा पूर्ण बुडते. दुसरी अडचण हजेरीपटावर दिसतच नाही. रविवारी रात्री साडेआठचा प्रयोग संपवून, रंग उतरवून घरी पोहोचायला मध्यरात्र होते आणि सोमवारी मूल वर्गात हजर असले तरी जागे नसते. दुपारच्या अधिवेशनाच्या शाळेत ते निभावते, सकाळी सातच्या शाळेत निभावत नाही. म्हणून सकाळच्या शाळेतील मुलांच्या पालकांनी रविवारी रात्रीचे प्रयोग शक्यतो स्वीकारूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लांब चालणाऱ्या नाटकांत एकाच भूमिकेसाठी दोन मुले तयार करून त्यांना आलटून पालटून उभे करतात. तशी सोय आहे का, हे करार करतानाच विचारावे, कारण नाटक सुरू झाल्यावर दुसरे मूल तयार करायला कोणाकडेही वेळ नसतो.

प्रयोगांसाठी वर्षभराची सरसकट परवानगी मागू नये. दर महिन्याच्या अखेरीस पुढील महिन्याच्या तारखा संस्थेकडून लेखी घ्याव्यात, त्यांतील शाळेच्या वेळेत येणाऱ्या तेवढ्याच निवडाव्यात आणि आधीच्या पत्राचा संदर्भ देऊन लहानसा अर्ज करावा. त्या अर्जात मागील महिन्याचा हिशेब एका वाक्यात द्यावा: किती तासिकांची परवानगी घेतली होती, प्रत्यक्षात किती बुडाल्या, कोणत्या वह्या पूर्ण करून दाखवल्या आणि काय राहिले. जानेवारीत २९ तासिका मागितल्या आणि एक तालीम रद्द झाल्यामुळे २६ च बुडाल्या, असे लिहिलेले फेब्रुवारीचे पत्र मुख्याध्यापक वेगळ्या नजरेने वाचतात. उलट राहिलेला प्रकल्प लपवून नवी रजा मागितली, तर ती नाकारली जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, एखादा प्रयोग खरोखर अडला, तर तेव्हा विचारायलाही जागा उरत नाही. वार्षिक परीक्षेच्या काळातील आणि तिच्या आधीच्या पंधरवड्यातील प्रयोग मूल करणार नाही, हे निर्मात्याला करारातच लिहून द्यावे आणि शाळेला दिलेल्या पहिल्या महिन्याच्या अर्जातही नमूद करावे.